रसवंतीची वाटणी

इलस्ट्रेटर हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहे असा एक समज आहे. फ्लेक्स आणि बोर्डाच्या कुठल्याही दुकानात घटकाभर बसलं की तो फिटतो. तिथे चित्र काढताना सहसा कोणी दिसत नाही. कोणीतरी कधीतरी काढून ठेवलेलं चित्र कापणं, त्यातला नको तो भाग फेकणं आणि उरलेल्याला भडक रंग देणं, यातच दुकान चालतं. आणि गेली काही वर्षं तर गिऱ्हाइकालाच कापलेलं हवं असतं. जिमचा बोर्ड असो, सलूनचा असो की रसवंतीचा, नावावरून एक तिरका वार गेलेला पाहिजे. वरचा अर्धा भाग एका रंगात, खालचा दुसऱ्या. "ते तलवारीनं छाटल्यासारखं असतं ना दादा, तसं," असं म्हणून गिऱ्हाईक हवेत हात तिरका फिरवून दाखवतं. हात कुठून कुठे गेला, यावरून कोन आपण ओळखायचा.

या कामासाठी सॉफ्टवेअरमध्ये खरोखरीची सुरी दिलेली आहे. नाइफ टूल. ती सापडणं हा पहिला पराक्रम. टूलबारवर ती समोर दिसत नाही. खोडरबर दाबून धरला की त्याच्या पोटातून आधी कात्री आणि मग सुरी बाहेर येते. खोडरबराला शॉर्टकट आहे, कात्रीला आहे, सुरीला मुळात नाही. ज्याला हवी असेल त्याने स्वतः ठरवून घ्यावी. बनवणाऱ्यांना बहुधा वाटलं असावं की हे हत्यार माणसाच्या हाताशी नसलेलंच बरं, आणि काही दिवस ते वापरल्यावर त्यांचं म्हणणं पटतं.

कात्री आणि सुरी या सख्ख्या बहिणी वाटतात, पण स्वभाव वेगळा. कात्री रेषा कापते. वर्तुळाच्या कडेवर दोन ठिकाणी क्लिक केलं की वर्तुळाच्या दोन कमानी होतात, पण दोन्ही उघड्या. कापलेल्या बाजूला कड नसते. सुरी आकार कापते. आरपार ओढली की दोन बंद तुकडे, दोघांनाही नवी कड, रंग जिथल्या तिथे. बोर्डाच्या कामाला बंद तुकडाच लागतो, म्हणून सुरी.

आता सुरी धरायची कशी? नुसती ओढली तर हात जाईल तशी ती जाते. माउस धरलेला माणसाचा हात किती थरथरतो हे पाहायला डॉक्टरकडे जायला नको. सुरीने एक सरळ वार करून बघावा. मनात आलेली सरळ रेघ कागदावर नागमोडी नदी होऊन उतरते, आणि त्या नदीच्या काठाने ढीगभर बिंदू उगवतात. सरळ वार हवा असेल तर Alt दाबायचं, आणि तेही माउस दाबायच्या आधी. निम्म्या वाटेवर आठवण झाली आणि मग दाबलं तर उपयोग नाही. सोबत Shift दाबलं तर वार आडवा, उभा किंवा पंचेचाळीस अंशांत बांधला जातो. मधला कुठलाही कोन आकडा टाकून मागता येत नाही. सुरीला डायलॉग बॉक्स नाही. ती आकड्यांशी बोलत नाही.

वेडावाकडा वार झाल्यावर तो नंतर नीट करू म्हणणारी एक जमात असते. Simplify नावाची सोय आहे, तिने बिंदू कमी होतात आणि रेघ गुळगुळीत होते. पण कापल्यानंतर ती कड एक राहिलेली नसते. वरच्या तुकड्याची एक, खालच्या तुकड्याची एक. Simplify दोघांना आपापल्या परीने सुधारतं आणि सुधारलेले दोघे पुन्हा एकमेकांशी जुळत नाहीत. मधे कुठे फट पडते, कुठे एक दुसऱ्यावर चढतो. तेव्हा वाकडं कापलं असेल तर Ctrl+Z करून पुन्हा कापावं हे बरं.

पण सुरीचा खरा गुण वेगळाच आहे. काहीही निवडलेलं नसताना ती फिरवली, तर तिच्या वाटेत जे जे येईल ते सगळं कापलं जातं. अक्षर, अक्षरामागची पट्टी, पट्टीमागचा उसाच्या कांड्यांचा गठ्ठा, आणि सगळ्याच्या मागे शांतपणे पसरलेली लाल पार्श्वभूमीही. कुलूप घातलेलं आणि लपवलेलं तेवढं वाचतं. बरं, कापल्या कापल्या हे दिसत नाही, कारण तुकडे जागचे हलत नाहीत. सगळं शाबूत दिसतं. दोन दिवसांनी गिऱ्हाईक म्हणतं, "लाल जरा वरपर्यंत घ्या," तुम्ही लाल पार्श्वभूमी पकडून वर ओढता, आणि तिचा तिरका अर्धा भाग वर जातो. उरलेला अर्धा तिथेच. तोवर फाइल बंद करून पुन्हा उघडलेली असते, म्हणजे Ctrl+Z चा पल्ला संपलेला. उपाय सोपा आहे: जे कापायचं तेच आधी निवडायचं. निवडलेलं असेल तर सुरी बाकीच्यांना हात लावत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती सुरी कोणाला आपणहून सांगत नाही.

म्हणून मुरलेले लोक बोर्डाच्या कामाला सुरी वापरत नाहीत. ते रेघ मारतात आणि पाथफाइंडरला पुढे करतात. ही तऱ्हा एका रसवंतीच्या बोर्डावर पाहू. दहा फूट बाय दोन फुटांचा बोर्ड, लाल पाटी, त्यावर एकच शब्द: रसवंती. शब्दाची रुंदी दीड मीटर, वेलांटीसकट उंची साधारण चाळीस सेंटिमीटर. मालकांची आज्ञा: वर हिरवा, खाली पिवळा, मधे तिरका वार.

पहिला प्रश्न कोनाचा. Shift धरून पंचेचाळीस अंशांचा वार केला, तर चाळीस सेंटिमीटर उंचीच्या शब्दात तो जेमतेम चाळीस सेंटिमीटर पुढे सरकून बाहेर पडतो. म्हणजे फक्त 'स'चा बळी. 'र' आणि 'ती' यांना पत्ताही लागत नाही. वीस अंश घेतले तरी दीड मीटरभर जाता जाता रेघ चोपन्न-पंचावन्न सेंटिमीटर चढते, म्हणजे शब्दाच्या बाहेर. आठ अंशांना चढ होतो एकवीस सेंटिमीटर. हे बसतं. गिऱ्हाइकाने हवेत दाखवलेला वार चांगला चाळीस अंशांचा होता, पण हवेत अक्षरं नसतात.

आता अक्षरं कापायची तर ती आधी अक्षरं असायची थांबली पाहिजेत. टाइप केलेला मजकूर सुरीलाही कापता येत नाही आणि पाथफाइंडरलाही तो नीट झेपत नाही. म्हणून Ctrl+Shift+O, म्हणजे Create Outlines. मजकुराच्या आकृत्या होतात. इथून पुढे तो शब्द वाचता येतो, पण दुरुस्त करता येत नाही. म्हणून हे करायच्या आधी मजकुराची एक प्रत वेगळ्या लेयरवर ठेवून तो लेयर लपवायचा, हा सगळ्या दुकानांतला अलिखित नियम. अलिखित असल्यामुळे तो कोणी पाळत नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकलेल्या मुलांना ठेच लागल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात. एकमेकांशी त्यांचा संबंध जागेपुरता. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून चालतात. फॉन्ट बनवणाऱ्याला शिरोरेषेत फट दिसू द्यायची नसते, म्हणून कित्येक देवनागरी फॉन्टांत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्याच्या हद्दीत किंचित घुसवलेली असते. र-स, स-व, व-त, आणि त-वेलांटी, अशा चार ठिकाणी दोन आकार एकमेकांवर चढलेले असतात. टाइप केलेल्या शब्दात हे कळत नाही, कारण काळ्यावर काळं. आउटलाइन केल्यावरही कळत नाही. Ctrl+Y दाबून नुसत्या रेषांच्या दृश्यात गेलात, की शिरोरेषेवर चार ठिकाणी बारीक उभे चौकोन दिसतात. तेच ते घुसखोर.

हे चौकोन तसेच ठेवून Divide दाबलं तर काय होतं, हे कळायला Divide काय करतं ते पाहायला हवं. एकत्र कुटुंबाची वाटणी झालेली ज्याने पाहिली आहे त्याला ते चटकन कळेल. सुरीच्या वाराला एक बाजू तरी असते: कापणारा वेगळा, कापला जाणारा वेगळा. Divide मध्ये असा भेद नाही. निवडलेल्या प्रत्येकाची हद्द बाकीच्या प्रत्येकाला कापते. जिथे म्हणून दोन हद्दी एकमेकांना छेदतात, तिथे नवा तुकडा, नवा सातबारा. जो भाग दोघांच्या ताब्यात होता, तो दोघांचाही राहत नाही. त्याचा तिसराच तुकडा पडतो आणि रंग मिळतो तो वर बसलेल्याचा. सगळी वाटणी झाल्यावर घर मात्र बाहेरून एकच दिसतं, कारण Divide सगळे तुकडे एका ग्रुपमध्ये बांधून ठेवतं. क्लिक केलं की सगळे एकत्र उठतात, एकत्र बसतात. Shift+Ctrl+G करून ग्रुप सोडवला की मग कोणाच्या वाट्याला काय आलं ते बाहेर येतं, आणि काहींच्या वाट्याला नखाएवढी चिंचोळी पट्टी आलेली असते.

आमच्या रसवंतीत त्या चार चिंचोळ्या पट्ट्या म्हणजे शिरोरेषेचे सांधे. रंगात त्या दिसत नाहीत, सगळं हिरवं असतं. पण ही फाइल पुढे व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरवर जाते, आणि प्लॉटरला रंग दिसत नाही, फक्त कडा दिसतात. तो इमानदारीत प्रत्येक कडेवरून पातं फिरवतो. शिरोरेषा सांध्यासांध्यावर कापली जाते. मग नको असलेलं व्हिनाइल सोलून काढताना र एकीकडे, स दुसरीकडे, आणि त्या नखाएवढ्या पट्ट्या सोलणाऱ्याच्या बोटाला चिकटून येतात. त्याच्या तोंडून त्या वेळी जे निघतं ते बोर्डावर लिहिण्यासारखं नसतं.

म्हणून वाटणीच्या आधी एकी. आउटलाइन झाल्यावर ग्रुप सोडवायचा, सगळी अक्षरं निवडायची आणि पाथफाइंडरच्या पॅनेलवरचं पहिलं बटण, Unite. पॅनेल Shift+Ctrl+F9 ने उघडतं. त्यात वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत सहा बटणं. Unite वरच्या ओळीत पहिलं, Divide खालच्या ओळीत पहिलं. म्हणजे जोडणारा आणि फोडणारा एकाच रांगेत, एकाखाली एक राहतात. ज्याने ही मांडणी केली त्याला माणसांची पारख असावी. Unite झाल्यावर पुन्हा Ctrl+Y करून बघायचं. चौकोन गेलेले दिसले आणि शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली, की पुढे जायचं. अनुस्वार तेवढा वरती सुटा असतो. त्याचं कोणाशी भांडण नाही.

आता रेघ. रेघेच्या साधनाने, म्हणजे Line Segment ने, पानावर नुसतं एकदा क्लिक केलं की ते लांबी आणि कोन विचारतं. सुरीपेक्षा हे कितीतरी सभ्य. शब्द दीड मीटर आहे तर लांबी 1700 मिलिमीटर टाकायची, कोन 8. दोन्ही बाजूंनी रेघ अक्षरांच्या चांगली बाहेर गेली पाहिजे. 'ती'च्या दांड्याच्या आत केसभर अलीकडे जरी ती थांबली, तरी तिथे तुकडा पडत नाही. वरचा आणि खालचा भाग त्या केसभर पुलावरून जोडलेला राहतो. मग दहा वेळा क्लिक करून माणूस म्हणतो की सॉफ्टवेअर बिघडलंय.

रेघ कुठे ठेवायची हाही विचार आहे, आणि तो पडद्यावर सुचत नाही, व्हिनाइल लावून हात भाजल्यावरच सुचतो. शिरोरेषा आडवी, चार सेंटिमीटर जाड. तिच्यातून आठ अंशांची रेघ गेली तर ती आरपार निघायला अठ्ठावीस सेंटिमीटर घेते. म्हणजे शिरोरेषेचे अठ्ठावीस सेंटिमीटर लांब, सुईसारखे निमुळते दोन तुकडे होतात. पडद्यावर ते फार देखणे दिसतात. बोर्डावर त्या सुईचं टोक पहिल्या उन्हात सुटतं, दुसऱ्या पावसात फडफडतं, आणि येणारं-जाणारं प्रत्येक पोर ते ओढून बघतं. म्हणून रेघ शिरोरेषेच्या खालून न्यायची. उजवीकडे 'ती'पाशी ती शिरोरेषेच्या बरीच खाली पोहोचेल असं बघायचं. उभे दांडे तिरके कापले गेले तर चालतं, कारण तिथे चिंचोळी टोकं तयार होत नाहीत.

रेघ आणि शब्द दोन्ही निवडायचे आणि Divide. ग्रुप सोडवायचा. वरचे तुकडे हिरवे, खालचे पिवळे करायचे. झालं, असं वाटतं. पण मग कधीतरी हाताला असं काही लागतं जे दिसत नाही. 'व'च्या पोटातली पोकळी घ्या. रेघ तिथून गेली तर त्या पोकळीचेही बंद आकार होऊ शकतात, फक्त त्यांना रंग नसतो. निवडल्यावर निळ्या कडा दिसतात, सोडल्यावर काहीच नाही. यासाठी पाथफाइंडरच्या मेनूतल्या Pathfinder Options मध्ये एक खूण आहे, Divide and Outline Will Remove Unpainted Artwork. ती करून ठेवली की बिनरंगाचे तुकडे आपोआप साफ होतात. ती खूण न करता चुकून सगळं निवडून सगळ्याला हिरवं केलं, तर 'व'चं पोट भरतं आणि 'रसवंती'तला व पोटुशी दिसतो.

हे झालं सरळ रेघेचं. आता मालकांच्या चिरंजिवांनी एक दिवस फोनवर कुठला तरी बोर्ड दाखवला, "काका, अशी लाट पाहिजे, उसाच्या रसासारखी," म्हणून. लाटेची रेघ पेनने काढायची. इथे एक सापळा आहे. नव्या फाइलमध्ये नव्याने काढलेल्या प्रत्येक रेषेला काळी कड आणि पांढरं पोट असतं, तुम्ही मागितलं असो वा नसो. सरळ रेघेला पोट नसतंच, म्हणून तिथे काही बिघडत नाही. पण वाकड्या रेघेचं पोट म्हणजे तिची दोन टोकं सरळ जोडली तर मधे जी जागा येईल ती. पांढऱ्या पानावर हे पांढरं पोट दिसत नाही. Divide ला मात्र ते दिसतं. तो लाटेने तर कापतोच, वर त्या न काढलेल्या, टोकाला टोक जोडणाऱ्या सरळ रेघेनेही कापतो. आणि वर बसलेल्याचा रंग या नियमाने मधले तुकडे पांढरे होतात. अक्षरांना कोड फुटल्यासारखे पांढरे डाग दिसले की समजावं, कापणाऱ्या रेघेच्या पोटात रंग आहे. Ctrl+Z, रेघ निवडून भरणीचा रंग None, आणि पुन्हा Divide.

याच घराण्यातलं आणखी एक पात्र मेनूत लपलेलं आहे: Object > Path > Divide Objects Below. याला फक्त एकच वस्तू निवडून द्यायची, कापणारी. ती आपल्या खाली येणाऱ्या सगळ्यांना कापते आणि स्वतः नाहीशी होते. शहीद. कापून झाल्यावर रेघ शोधत बसणारे मी पाहिले आहेत. "खाली येणारे सगळे" यात लाल पार्श्वभूमी आणि उसाच्या कांड्याही आल्या, हे वेगळं सांगायला नको. म्हणून हे वापरायच्या आधी बाकीच्यांना Ctrl+2 ने कुलूप घालायचं, आणि नंतर Alt+Ctrl+2 ने सोडायचं. सोडायला विसरलं, तर मग दुसऱ्या दिवशी कांड्या हलत का नाहीत यावर अर्धा तास जातो.

आता रसवंतीचं डिझाइन झालं. लाल पाटी, हिरवा वर, पिवळा खाली. पीडीएफ करून मालकांच्या फोनवर पाठवली. दोन मिनिटांत उत्तर: "मस्त झालंय. पण मधे ती बारीक रेघ कशाची? ती काढा."

या रेघेने किती दुकानांचा किती वेळ खाल्ला असेल याची मोजदाद नाही. रेघ कोणीच काढलेली नसते. हिरवा आणि पिवळा तुकडा अगदी एकाच कडेवर टेकलेले असतात. फाइलमध्ये फट शून्य. पण पडदा चौकोनी ठिपक्यांचा आहे आणि आपली कड आठ अंशांनी तिरकी, त्यामुळे कितीतरी ठिपके अर्धे हिरव्याच्या हद्दीत, अर्धे पिवळ्याच्या हद्दीत येतात. कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर असा ठिपका आधी निम्मा हिरवा करतं, उरलेला निम्मा मागचा लाल ठेवतं. मग पिवळा येतो आणि त्या ठिपक्याचा निम्मा आपल्या ताब्यात घेतो. पण हिरव्याने निम्मं भरलं होतं ते नेमकं कुठलं निम्मं, हे ठिपक्याला आठवत नसतं. पिवळा हिरव्यातलं निम्मं झाकतो आणि लालमधलंही निम्मं झाकतो. हिशेब राहतो तो असा: पिवळा निम्मा, हिरवा पाव आणि लाल पाव. तो पाव लाल कडेभर रांगेत उभा राहतो आणि मालकांना रेघ म्हणून दिसतो.

ही रेघ खरी की भास, हे ओळखायची रीत सोपी आहे. मोठं करत जायचं. खरी फट असेल तर ती चित्राबरोबर मोठी होते. भास असेल तर कितीही जवळ गेलं तरी ती केसाएवढीच राहते, कधी कधी थोडं सरकवलं की नाहीशीही होते. मालकांना हे फोनवर समजावण्याचा प्रयत्न एकदा करून पाहावा. "अण्णा, ती रेघ नाहीये, दिसते फक्त." यावर अण्णा एवढंच म्हणतात, "दिसते ना? मग काढा." त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. बोर्ड दिसण्यासाठीच असतो.

बरं, छापील फ्लेक्स असता तर एक वेळ चाललं असतं. इथे तर व्हिनाइल, आणि व्हिनाइल लावणाऱ्याने फाइल बघताच कपाळाला हात लावला. "एवढं कडेला कड लावून कोण चिकटवणार? हिरवा वेगळ्या रोलचा, पिवळा वेगळ्या रोलचा. हातानं लावताना कुठे मागे-पुढे होणारच. झालं की लाल दिसणार. आणि उन्हानं थोडं आकसलं, तरी लाल दिसणार." त्याचं म्हणणं, पिवळा दीड-दोन मिलिमीटर हिरव्याखाली गेला पाहिजे. वरचा हिरवा त्यावर बसेल, मग रेघ सरळ दिसेल.

म्हणजे जे इतक्या प्रेमाने नेमकं कापलं, तेच आता नेमकं नको. दोन भावांच्या जमिनीत धुरा हवा. करायचं काय? पिवळ्याची कड हाताने वर ओढत बसणारे लोक असतात; प्रत्येक बिंदू पकडून दोन मिलिमीटर. प्रत्येक अक्षराच्या कापलेल्या टोकावर वेगळं काम, आणि एक बिंदू सुटला की दांडा वाकतो. त्यापेक्षा मागे जावं. Unite केलेल्या अखंड शब्दाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक हिरवी, एक पिवळी, दोन्ही तंतोतंत एकावर एक. Ctrl+C आणि Ctrl+F केलं की प्रत नेमकी जागेवर बसते. हिरवी प्रत जुन्या रेघेने Divide करायची आणि खालचे तुकडे फेकायचे. पिवळी प्रत तीच रेघ दोन मिलिमीटर वर सरकवून Divide करायची आणि वरचे तुकडे फेकायचे. पिवळं मागे, हिरवं पुढे. एकाच वेळी दोन प्रती निवडून Divide दाबलं तर पुन्हा सगळ्यांची सगळ्यांशी वाटणी होईल, म्हणून एकाला कापताना दुसऱ्याला कुलूप. हे झाल्यावर मधली भासाची रेघही जाते, कारण आता हिरव्याच्या कडेखाली लाल नाही, पिवळं आहे. अण्णांना पीडीएफ गेली. उत्तर आलं: "आता बरोबर. आधीच असं करायचं ना."

बोर्ड प्लॉटरवर गेला. सोलताना शिरोरेषा अखंड निघाली, अनुस्वार तेवढा चिमट्याने ठेवावा लागला. आणि दोन्ही रंग कापून, सोलून, कागदावर चिकटवून झाल्यावर अण्णांचा फोन. मुंबईच्या मेहुण्यांनी सांगितलं होतं की नुसतं 'रसवंती' बरं दिसत नाही, 'रसवंती गृह' करा. "एक शब्दच तर वाढवायचाय, दादा." मजकुराचा तो लपवलेला लेयर या वेळी शोधला तर खरोखर सापडला, आणि त्यात ते नाव तशाच्या तसं, टाइप केलेलं, न कापलेलं होतं. 'गृह' टाइप करून झाल्यावर दिसलं की आता शब्द अडीच मीटर झाला आहे, म्हणजे आठ अंशांची तीच रेघ दुसऱ्या टोकाला पस्तीस सेंटिमीटर चढते आणि थेट शिरोरेषेत घुसते. साडेचार-पाच अंशांवर यावं लागेल. अण्णांना फोन करून सांगितलं की वार थोडा आडवा होईल. ते म्हणाले, चालेल, फक्त तलवारीसारखा दिसला पाहिजे.